‘निधीअभावी’ हे कारण नव्हे

जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पानंतर मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांचे पत्र खातेप्रमुखांकडे जाते. त्यात ठरलेले वाक्य असते: ‘निधीअभावी आपली मागणी अंशतः मान्य करण्यात येत आहे.’ एवढे लिहिले की कारण दिले, असा अनेकांचा समज आहे. पण निधी सगळ्यांनाच अपुरा असतो. माझ्याच खात्याचे पैसे का कापले, हा खातेप्रमुखाचा प्रश्न तसाच राहतो, आणि मग ‘आमच्यावर राग आहे’ हे उत्तर तो स्वतःच शोधतो.

समजा, आरोग्य विभागाने प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दुरुस्तीसाठी स्वनिधीतून 50 लाख मागितले आणि 30 लाख मिळाले. पत्रात त्या 20 लाखांचा हिशेब हवा. मागणीतले 18 लाख चालू कामांच्या दायित्वाचे होते. कामे पूर्ण होतील तशी ठेकेदारांची देयके येणारच, म्हणून ते पूर्ण दिले. 12 लाखांच्या नव्या कामांना केंद्रांची नावे आणि अंदाजपत्रके जोडलेली होती, तीही मान्य. उरलेल्या 20 लाखांपुढे नुसते ‘विविध दुरुस्त्या’ लिहिलेले होते. म्हणून ते कापले.

यावर खातेप्रमुख हमखास म्हणतात, ‘तरतूदच नाही, तर प्रशासकीय मान्यता कुठून आणू?’ पण मान्यता मागितलीच कोणी? कुठल्या इमारतीचे छप्पर गळते आणि त्याला ढोबळ खर्च किती, एवढेच हवे होते. ते कोणत्या तारखेपर्यंत आले तर सुधारित अर्थसंकल्पात विचार होईल, हेही पत्रातच लिहावे. ‘विचार होईल’ याला आश्वासन समजले जाते, म्हणून ‘शिल्लक राहिल्यास’ हे शब्द वगळू नयेत.

मागच्या वर्षीच्या कमी खर्चावर बोट ठेवायचे असेल, तर आकडा कोणत्या तारखेचा ते सांगावे. डिसेंबरअखेर 14 लाख खर्च दिसतो, तेव्हा 10 लाखांची देयके लेखा शाखेच्याच टेबलावर असू शकतात! ती न तपासता ‘आपण खर्च करत नाही’ असे लिहिणे अन्यायाचे.

आता बाकीचे समज. ‘सरसकट 20 टक्के कापले की न्याय होतो’: नाही, फुगवून मागणाऱ्याचे फावते आणि नेमके मागणाऱ्याचे काम अडते. ‘कात्री सगळीकडे लागते’: मागासवर्गीयांसाठीचे 20, महिला व बालकल्याणाचे 10 आणि दिव्यांगांचे 5 टक्के राखीव असतात, त्यांना वित्त अधिकारी हात लावू शकत नाही. ‘वित्त अधिकाऱ्यानेच कापले’: तो प्रस्ताव मांडतो, अर्थसंकल्प मंजूर करते सर्वसाधारण सभा, पत्रात तिच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख द्यावी. ‘मार्चमध्ये संपवून दाखवले की पुढच्या वर्षी वाढवून मिळते’: केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधला नियम 62 वर्षअखेरच्या अशा घाईला वित्तीय औचित्याचा भंगच मानतो.