‘जबाब फिरव’ म्हणून दम आला, तर

गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फिरले आणि २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला लावला.

आज भिवंडीतल्या एखाद्या साक्षीदाराला आरोपीने किंवा त्याच्या दोस्ताने खोट्या साक्षीसाठी धमकावले, तर पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ नुसार शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. धमकीचे मेसेज मात्र पुसू नयेत, पुरावा तोच.

संरक्षणाचा अर्ज वेगळा. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार तो ठाण्याला, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो. पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या पाच दिवसांत द्यायचा असतो. निकड असेल, तर समिती तोवर अंतरिम संरक्षण देऊ शकते. किरकोळ गुन्ह्यांतल्या साक्षीदारांना मात्र ही योजना सहसा लागू होत नाही.