सगळ्यात जास्त लोड कुठल्या सर्किटवर?

वायरमनच्या पिशवीत चिमट्यासारखा जबडा असलेलं एक मीटर असतं. तेच क्लॅम्प मीटर, म्हणजे टाँग टेस्टर. वायर न कापता, स्क्रू न सोडवता तिच्यातून किती अँपिअर करंट जातोय ते हे मीटर दाखवतं. करंट वाहताना वायरभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि जबडा तेच पकडतो.

पण जबड्यात वायर एकच हवी. टेबल फॅनची पूर्ण केबल त्यात धरली, तर पंखा जोरात फिरत असूनही आकडा शून्य येतो, कारण फेजमधून जाणारा करंट न्यूट्रलमधून परत येतो आणि दोघांची क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. म्हणून मोजायचं ते डीबीत, जिथे प्रत्येक एमसीबीमधून फेजची एकेक वायर सुटी बाहेर पडते. डीबीचं झाकण उघडणं मात्र वायरमनचंच काम. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलवर 230 व्होल्ट असतातच. आपण शेजारी उभं राहून आकडे टिपावेत.

मीटर एसी अँपिअरवर ठेवून आधी मेनची फेज वायर पकडायची. समजा, सकाळी 11.2 अँपिअर आले. मग एकेक एमसीबी: गिझर 8.6, स्वयंपाकघर आणि फ्रिज 1.3, दिवे-पंखे 0.9, हॉल 0.4. बेरीज 11.2, म्हणजे सगळी सर्किटं हिशेबात आली. बेरजेत थोडाफार फरक पडला तर चालतो, पण मोठी तफावत दिसली तर एखादी वायर मोजायची राहिली असावी. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असताना मोजलं तर आकडा फसवतो, म्हणून तो सुरू झाल्यावर पुन्हा पाहावं.

इथे गिझर पहिला आला. 2000 वॅटच्या गिझरला 8.7 अँपिअरच्या आसपास करंट लागतोच, त्यामुळे त्यात बिघाड नाही. पण बिलाचा दोष लगेच त्याच्यावर टाकू नये. रोज अर्धा तास तापणारा हा गिझर एकच युनिट खातो. रात्री तेच मीटर दीड टनाच्या एसीच्या वायरवर लावलं आणि 6.5 अँपिअर दिसले, तर आकडा गिझरपेक्षा लहान. तरीही कॉम्प्रेसर मिळून चार तास जरी चालला, तरी पाचाहून अधिक युनिटं जातात. करंट जास्त कोण घेतं हे मीटर सांगतं. किती वेळ घेतं हे घड्याळ पाहूनच लिहावं लागतं.

एक मर्यादाही आहे. अँपिअरला 230 ने गुणलं की गिझरचे वॅट बरोबर येतात, पण पंखा, फ्रिज, एसी यांचे खरे वॅट त्याहून कमी असतात, कारण मोटरचा पॉवर फॅक्टर एकपेक्षा कमी असतो. एसीच्या वरच्या हिशेबात तो 0.9 धरला आहे.