शेवटच्या युनिटची किंमत

भूममध्ये संध्याकाळी दिवे लागतात, खव्याच्या दुकानातले डीप फ्रीझर घरघरत असतात, पिठाची गिरणी चालू असते. ही वीज येते कुठून? नकाशा पाहून कुणीही म्हणेल, परळीहून. शेजारच्या बीड जिल्ह्यात औष्णिक केंद्र आहे, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. पण अनेकदा असं घडलं आहे की परळीचे संच थंड पडून आहेत आणि चारशे किलोमीटरहून लांब असलेलं चंद्रपूर धडाडून चाललं आहे. परळीत बिघाड नसतो, संपही नसतो. तिथला संच चालवणं त्या दिवशी महाग पडतं, एवढंच.

या निर्णयामागे अर्थशास्त्रातलं एक देखणं गणित आहे. विकणारा एकच, कारखाने अनेक, आणि प्रत्येक कारखान्यात माल बनवायचा खर्च वेगळा. मग एकूण मागणीतलं कुणाच्या वाट्याला किती द्यायचं, म्हणजे एकूण खर्च कमीत कमी होईल?

महाराष्ट्रात असा एकटा विक्रेता खरोखर होता. १९६० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. मुंबईसारखे अपवाद सोडले तर वीज बनवणं, वाहून नेणं आणि घरोघर पोचवणं, सगळं एकाच हाती. कोयनेचं पाणी, चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, नाशिक, परळी इथला कोळसा, उरणचा वायू, असे नाना तऱ्हेचे कारखाने त्याच्या दावणीला. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण या कंपन्या वेगळ्या झाल्या. आज खासगी वीजकेंद्रंही रांगेत आहेत, त्यामुळे जुनी मक्तेदारी उरलेली नाही. वाटणीचं तत्त्व मात्र तेच आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या राज्य भार प्रेषण केंद्रात ते दर पंधरा मिनिटांच्या हिशेबाने वापरलं जातं.

पहिल्यांदा सुचणारं उत्तर म्हणजे सर्वांत स्वस्त केंद्र आधी पूर्ण ताकदीने चालवा, मग दुसरं, मग तिसरं. ते नेहमी बरोबर नसतं. त्यातला ‘स्वस्त’ हा शब्दच फसवा आहे. सरासरीने स्वस्त, की पुढचं एक युनिट बनवायला स्वस्त?

आकडे घेऊन पाहू. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी बनवलेले आहेत, कुठल्याही खऱ्या केंद्राचे नाहीत. समजा एक केंद्र खाणीजवळ आहे, दुसरं लांब. खाणीजवळच्या केंद्रात पहिल्या युनिटचं इंधन २ रुपयांचं, पण भार वाढेल तसा पुढच्या युनिटचा खर्च भराभर चढतो. दर २५० मेगावॉटला एक रुपया. लांबच्या केंद्रात सुरुवातच अडीच रुपयांनी होते, पण चढ सौम्य आहे. दर ५०० मेगावॉटला एक रुपया. मागणी ८०० मेगावॉटची आहे.

आधी सरळ निम्मं निम्मं करू, ४०० आणि ४००. खाणीजवळच्या केंद्रातलं शेवटचं युनिट ३ रुपये ६० पैशांना पडतं, लांबच्या केंद्रातलं ३ रुपये ३० पैशांना. म्हणजे पहिल्याकडून एक युनिट काढून दुसऱ्याला दिलं की तीस पैसे हातात येतात. एकूण वीज तेवढीच, दिवा तसाच जळतो, आणि तीस पैसे वाचतात. अर्थातच आणखी एक युनिट हलवायचं, मग आणखी एक. प्रत्येक वेळी एकाचा शेवटचा खर्च थोडा उतरतो, दुसऱ्याचा थोडा चढतो, वाचणारे पैसे आकसत जातात. ३५० आणि ४५० वर आलो की दोन्हीकडचं शेवटचं युनिट नेमकं ३ रुपये ४० पैशांचं होतं. आता हलवाहलवीत काही मिळत नाही. खर्चाचा तळ गाठला गेला.

गंमत अशी की ज्या केंद्राची सुरुवात स्वस्त होती त्याच्या वाट्याला कमी वीज आली.

याहून मोठा धक्का सरासरीत आहे. या वाटणीत खाणीजवळच्या केंद्राचं सरासरी युनिट २ रुपये ७० पैशांना पडतं आणि लांबच्याचं २ रुपये ९५ पैशांना. हिशेबनीस ताळेबंद घेऊन येतो आणि विचारतो, साहेब, पंचवीस पैसे स्वस्त केंद्र कमी का चालवता? त्याचं ऐकून ५० मेगावॉट तिकडे वळवले तर आपण पुन्हा ४००-४०० वर येतो आणि दर तासाला साडेसात हजार रुपयांचा खड्डा पडतो. दिवसाला १ लाख ८० हजार. आणि खाणीजवळचं केंद्र हट्टाने ५०० मेगावॉटपर्यंत ताणलं तर तासाचा तोटा ६७ हजार ५०० रुपये. सरासरीत सुरुवातीची स्वस्त युनिटं मिसळलेली असतात. ती दोन्ही वाटण्यांमध्ये बनणारच आहेत, त्यामुळे निर्णयाच्या वेळी त्यांचं काही म्हणणं नसतं. बोलायचा अधिकार फक्त शेवटच्या युनिटला. संचाच्या कर्जाचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे पगार हेही या खोलीबाहेर. संच चालो की थांबो, ते द्यायचेच आहेत.

केंद्रं दोन असोत की वीस, नियम बदलत नाही. जी केंद्रं अर्ध्या-मुर्ध्या भारावर चालू आहेत त्या सगळ्यांच्या शेवटच्या युनिटचा खर्च एकच हवा. जे पूर्ण क्षमतेवर आहे त्याचा त्याहून कमी असू शकतो, कारण आणखी घ्यायला त्याच्याकडे जागाच नाही. जे बंद आहे त्याचा त्याहून जास्त. मला यातलं नवल वाटतं ते असं की कोळसा, वायू, जुने संच, नवे संच अशी सगळी भिन्नता एका आकड्यात येऊन मिळते. अभियंते त्या आकड्याला लॅम्डा म्हणतात. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखाला फक्त तो आकडा कळवला आणि ‘तुमचं पुढचं युनिट याहून स्वस्त असेल तोवर भार वाढवा’ एवढंच सांगितलं, तरी सगळी वाटणी आपोआप बरोबर बसते. दुसऱ्या केंद्रात काय चाललंय हे कुणालाच ठाऊक असायची गरज नाही.

हे आधी नीट मांडलं ते वीज अभियंत्यांनी. १९४३ साली अमेरिकेत स्टाइनबर्ग आणि स्मिथ यांनी वीजकेंद्रांच्या किफायतशीर भारवाटणीवर एक आख्खं पुस्तकच लिहिलं. अनेक कारखान्यांच्या मक्तेदाराबद्दलचा डॉन पॅटिंकिन यांचा गाजलेला अर्थशास्त्रीय लेख त्यानंतर, १९४७ चा. पुस्तकी मक्तेदार याच्या पुढे एक पाऊल टाकतो. एकूण किती माल बनवायचा हेही तोच ठरवतो, आणि एक युनिट जास्त विकून मिळणारी भर लॅम्डाएवढी झाली की थांबतो. आपल्या विद्युत मंडळाला ती मोकळीक नव्हती. दर स्वतःच्या मर्जीने ठरत नव्हते आणि मागणी लोकांच्या बटणावर. त्याच्या हाती उरली ती वाटणी.

आता आकड्यांतून खऱ्या केंद्रांकडे. माझ्या उदाहरणातला चढ फार तीव्र आहे. खऱ्या संचात तो बराच सपाट असतो, म्हणून व्यवहारात प्रत्येक केंद्राला इंधनखर्चाचा एकच दर लावतात आणि स्वस्तापासून महागापर्यंत रांग लावतात. यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात. चढाऐवजी जिना, इतकाच फरक. चंद्रपूर कोळशाच्या खाणींलगत आहे. मराठवाड्यात दगडी कोळशाची खाण नाही, परळीचा कोळसा रेल्वेने लांबून येतो आणि भाडं प्रत्येक युनिटला चिकटतं. त्यामुळे परळी रांगेत मागे. मागणी उतरली की मागच्यांना आधी ‘बॅक डाउन’चा निरोप जातो.

पण संच हा पाण्याचा नळ नाही. कोळशाचा संच साधारण ५५ टक्के क्षमतेच्या खाली नेता येत नाही. बॉयलरमधली ज्योत डळमळते आणि ती टिकवायला महागडं तेल फवारावं लागतं. पूर्ण थंड झालेला संच पुन्हा जोडायला कित्येक तास आणि भरपूर इंधन लागतं. म्हणून रात्री दोन वाजता महाग दिसणारा संचही कधीकधी चालू ठेवतात, कारण सकाळी तो लागणार असतो. कधी तर हिशेबाची वेळच येत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचे सगळे संच पाण्याअभावी बंद करावे लागले होते. इंधनाचा दर काहीही असो, क्षमता शून्य.

आणि कोयना? तिथे इंधनाचा खर्च शून्य. मेरिट ऑर्डरच्या नियमाने ती सर्वांत आधी आणि अहोरात्र चालायला हवी. तसं होत नाही. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प वर्षातला बराच काळ हात राखून चालतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. तेवढ्या पाण्यावर सगळी यंत्रं वर्षाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा वेळच पूर्ण भाराने फिरू शकतात. म्हणजे रात्री वापरलेला प्रत्येक थेंब उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळच्या वाट्याचा असतो. रात्री त्याने ३ रुपयांचा कोळसा वाचवला आणि संध्याकाळी ५ रुपयांचा वाचवला असता, तर पाण्याचा खरा खर्च शून्य नाही. तो ५ रुपये आहे. पावती कुणी फाडत नाही, पण भार प्रेषण केंद्रातल्या माणसाला ही किंमत मनात धरावीच लागते. मघाशी आपण दोन केंद्रांत वाटणी केली, इथे तीच वाटणी दोन वेळांत होते. कोयनेचं यंत्र काही मिनिटांत भार घेतं, हा गुण संध्याकाळी सोन्यासारखा.

या वेळेच्या फरकावरच जगणारं एक केंद्र महानिर्मितीकडे आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला, सह्याद्रीच्या कड्यावर एक तलाव आणि पायथ्याशी दुसरा. २५० मेगावॉटचं हे केंद्र २००८ पासून चालतं. लॅम्डा उतरलेला असताना ते जाळ्यातून वीज घेऊन पाणी वर चढवतं आणि लॅम्डा चढला की तेच पाणी खाली सोडून वीज देतं. या ये-जा करण्यात साधारण पाव हिस्सा वीज वाया जाते. म्हणून ३ रुपयांची वीज घेऊन चढवलेलं पाणी सोडायचं असेल तर बाहेरचं शेवटचं युनिट ४ रुपयांच्या वर गेलेलं असायला हवं. ते ३ रुपये ९० पैशांवर अडकलं असेल तर पाणी वरच राहू द्यायचं.