अ.पा.क.

सातबारा नीट वाचणाऱ्यांना ही तीन अक्षरं ओळखीची असतात. वडील गेले, मुलगा लहान होता, म्हणून जमिनीला त्याचं नाव लागलं आणि पुढे लिहिलं गेलं, 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ता. आपल्या कायद्याच्या मराठीत अठराच्या आतलं मूल 'अज्ञान' आणि त्यानंतरचं 'सज्ञान'. मूल सज्ञान झालं तरी ही अक्षरं आपोआप पुसली जात नाहीत, कुणीतरी अर्ज करावा लागतो. बँकेतल्या मुलांच्या बचत खात्याचंही तसंच असतं. फरक एवढाच की सातबाऱ्यावर ती अक्षरं राहून गेली तर विकायची वेळ येईपर्यंत कुणाला कळत नाही. बँकेत पहिल्याच आठवड्यात कळतं.

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. तरी माझ्या भाचीचं खातं अडकलं ते अडकलंच. तिचा जन्म २२ जुलै २००७ चा. ती पाच वर्षांची असताना दाजींनी तालुक्याच्या गावातल्या बँकेत तिचं खातं उघडलं. मालक ती, सही दाजींची, मोबाईल नंबर दाजींचा. शिष्यवृत्ती, दिवाळीची ओवाळणी, बक्षिसाचे चेक असं साठत साठत ४१,३५० रुपये झाले होते. गेल्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि २५ जुलैला, शुक्रवारी, वसतिगृहाचं १२,००० रुपये डिपॉझिट भरायला ती एटीएमवर गेली. कार्ड नाकारलं गेलं. रात्री फोन आला, "मामा, पैसे दिसतायत पण निघत नाहीत."

इथे एक बारकावा आहे. तीनच दिवसांपूर्वी वाढदिवसाला आजीने पाठवलेले ५०० रुपये खात्यात बिनबोभाट जमा झाले होते. त्यामुळे खातं बंद पडलंय अशी शंका कुणालाच आली नाही. बहुतेक बँकांत असंच होतं. पैसे येत राहतात, व्याजही लागतं, फक्त बाहेर जाणारा दरवाजा बंद होतो. काही बँकांची प्रणाली येणारेही अडवते, ती गोष्ट वेगळी. पासबुक छापून आणलं आणि नोंदी ठीक दिसल्या म्हणजे खातं चालू आहे, असं धरून चालू नका.

दरवाजा का बंद होतो? १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार माणूस अठरा वर्षं पूर्ण होताच सज्ञान होतो, आणि ते वय अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडताच पुरं झालं असं धरतात. म्हणजे २१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि त्या खात्यावरचा दाजींचा अधिकार संपला. बाप म्हणून ते आहेत तिथेच आहेत, पण बँकेच्या लेखी त्यांची सही आता परक्याची. आणि मुलीची सही? ती बँकेकडे कधी घेतलेलीच नव्हती. मालक आहे, पैसा आहे, पण सही करायला कुणीच नाही. ही मधली पोकळी भरणं म्हणजेच खातं 'मायनरचं मेजर' करणं. काउंटरवर याच शब्दांत विचारा, लगेच कळतं.

दाजी शनिवारी सकाळी स्लिप भरून बँकेत निघाले, तर चौथा शनिवार. सोमवारी गेले तेव्हा कॅशियरने स्लिप परत केली, "मुलीला घेऊन या." दाजी चिडले. बारा वर्षं माझ्या सहीवर पैसे दिलेत, आज काय झालं? कॅशियरचं काही चुकलं नव्हतं. चूक असलीच तर आधी कळवण्यात झालेल्या ढिलाईची. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये मुलांच्या खात्यांबद्दलचे नियम एकत्र करून दिले. त्यांत स्पष्ट म्हटलंय की खातेदार सज्ञान होण्याआधीच बँकेने त्याला कळवावं, सज्ञान झाल्यावर खातं कसं चालवायचं याच्या नव्या सूचना आणि नमुना सही घ्यावी, आणि खातं पालक चालवत असेल तर शिल्लक कबूल करून घ्यावी. भाचीच्या बँकेने तसा एसएमएस पाठवलाही होता. तो गेला दाजींच्या मोबाईलवर, कर्जाच्या आणि लॉटरीच्या पन्नास एसएमएसांच्या गर्दीत.

मंगळवारी ती एसटीने गावी आली आणि मी मुद्दाम सोबत गेलो. अर्ज, केवायसीचा फॉर्म, दोन फोटो, आधार, पॅन, जुनं पासबुक, आणि पालक म्हणून दाजी स्वतः. पॅन नसेल तर तेव्हा फॉर्म ६० चालायचा. मात्र लहानपणी काढलेलं पॅन असेल तर ते एकदा काढून बघा. अज्ञानाच्या पॅनकार्डावर फोटोही नसतो आणि त्याची सहीही नसते, त्यामुळे ओळखपत्र म्हणून ते पुढे केलं की बँक मान हलवते. नंबर तोच राहतो, फोटो आणि सही घालून घेण्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करायचा.

अडलं ते नावावर. आपल्याकडे हे हमखास होतं. खातं उघडताना दाजींनी फक्त तिचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं, आधारवर मधे वडिलांचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. माणसाच्या डोळ्याला ही एकच मुलगी दिसते, संगणकाला तीन. सज्ञान करण्याच्या अर्जातच 'खात्यावरचं नाव आधारप्रमाणे करावं' अशी एक ओळ लिहून दिली की दोन्ही कामं एका खेपेत होतात. तेव्हा राहून गेलं तर पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात तेच नाव पुन्हा आडवं येतं.

मग सही. नमुना सहीच्या कार्डावर तीन चौकटी असतात. भाचीने पहिल्या चौकटीत लपेटेदार इंग्रजी सही केली, दुसऱ्यात लपेटा विसरली, तिसऱ्यात मराठीत नाव लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड फाडलं, कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "बाळ, दहा वेळा कर. जी दहाव्यांदाही तशीच येईल, ती तुझी सही." मराठी असो, इंग्रजी असो, बँकेला भाषेशी देणंघेणं नसतं, सारखेपणाशी असतं. दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवू शकतात. अशा खात्यावर मुलाची सही आधीच असते, पण ती पाचवीतली. अठराव्या वर्षी नवी सही आणि नवी केवायसी त्यालाही द्यावीच लागते.

शिल्लक कबुलीचा कागद मात्र लोक न वाचता पुढे सरकवतात. 'आजअखेर माझ्या खात्यावर ४१,८५० रुपये जमा असून ते बरोबर आहेत' अशा अर्थाचं वाक्य असतं, खाली नव्या सज्ञानाची सही, बाजूला पालकाची. माझं मत असं की, सही करण्याआधी मुलाने निदान मागच्या दोन-तीन वर्षांचा उतारा मागून वाचावा. पैसा पहिल्यापासून त्याचाच होता, पालक फक्त सांभाळत होता. आईबापांत बेबनाव असलेल्या घरांत हा कागद फार महत्त्वाचा ठरतो. एक लक्षात ठेवा, पालक रुसला म्हणून मुलाची मालकी जात नाही. खातं त्याचंच असतं. पालक येत नसेल किंवा हयात नसेल तर तसं लेखी देऊन शाखाधिकाऱ्यांशी बोलावं.

उरला मोबाईल. फॉर्मवर नंबराचा रकाना आधीच छापून आलेला होता, दाजींचा, आणि भाची तो तसाच ठेवून पुढे निघाली होती. मी थांबवलं. यूपीआय बँकेत नोंदवलेल्या नंबरावरच चालतं, ओटीपीही तिथेच जातो. ती पुण्यात मेसचे पैसे भरणार आणि ओटीपी दाजींच्या खिशात, दाजी उसात. नंबर बदलण्याचा रकाना वेगळा भरला.

उठण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घेतल्या. पहिली, खाते क्रमांक तोच राहणार ना? बहुतेक बँकांत तोच राहतो. जुनं बंद करून नवं उघडायला कुणी सांगितलं तर कारण विचारा, कारण शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या जुन्या खात्यात येत असते आणि ती जोडणी पुन्हा करावी लागते. दुसरी, आता हे खातं कुठल्या योजनेत जाणार? मुलांच्या खात्यांना बरेचदा किमान शिल्लक लागत नाही, मोठ्यांच्या काही योजनांना लागते, आणि दंड गुपचूप कापला जातो. शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं मागता येतं. मात्र मग त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

दाजींना शेवटपर्यंत एक रुखरुख होती, पोरीच्या पैशावर आता माझं लक्ष कसं राहणार? तिची इच्छा असेल तर ती वडिलांना संयुक्त खातेदार करून घेऊ शकते. पण ते आता तिच्या सहीने होणार. जिथे मूल बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे व्यवहार सांभाळू शकत नाही, तिथे प्रश्न खरा गंभीर असतो. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यावर बँक खातं चालवू देते. अशा घरांनी अठराव्या वाढदिवसाची वाट न पाहता चौकशी आधीच सुरू करावी.

बाकीच्यांनी वाढदिवसाच्या महिनाभर आधी नाव, पॅन आणि आधारचा मोबाईल तपासून ठेवावा. सही मात्र वाढदिवशी किंवा त्यानंतरच घेतली जाते.

भाचीचं काम दोन दिवसांत झालं, गुरुवारी डिपॉझिट भरलं गेलं. नवं पासबुक बघताना दाजींना काहीतरी आठवलं. घरी जाऊन त्यांनी सातबारा काढला. आजोबांच्या वाट्याच्या चौदा गुंठ्यांवर त्यांच्या नावापुढे अजून 'अ.पा.क. आई' आहे. दाजींचं वय एक्कावन्न.