सही करण्याआधीची एक ईमेल

समजा, नागपूरच्या एका मुलीला पुण्यातल्या कंपनीकडून ऑफर लेटर आलंय. पगाराचा आकडा आणखी वाढणार नाही, असं एचआरने सांगून टाकलंय. अशा वेळी बहुतेक जण निमूट सही करतात. पण पगार बसतो ठरलेल्या श्रेणीत. एकाचा वाढवला तर बाकीच्यांशी तुलना होते आणि तो खर्च दरवर्षीचा होतो. जॉइनिंग बोनस किंवा स्थलांतराचा भत्ता एकदाच द्यायचा असतो, म्हणून तिथे एचआरचा हात सहसा मोकळा असतो.

ऑफर हातात आल्यावर आणि होकार कळवण्याआधी तिने एकच ईमेल लिहावी. रोज एक नवी मागणी आली, तर एचआरला प्रत्येक वेळी नव्याने मंजुरी घ्यावी लागते आणि ते वैतागतात. मागणीला हिशेब जोडावा. मार्चमध्ये जुन्या कंपनीत मिळणारा 90,000 रुपयांचा बोनस आता बुडणार आहे, म्हणून तेवढा जॉइनिंग बोनस. सामानाच्या ट्रकचे 30,000, दलालीचे 25,000 आणि प्रवासाचे 5,000, म्हणून 60,000 रुपये स्थलांतर भत्ता. घराचं डिपॉझिट परत मिळणारं असतं, ते यात मिसळू नये. त्याने बाकीचा हिशेबही संशयास्पद वाटतो.

घरून कामाचे दिवस एचआरच्या नव्हे, बहुधा मॅनेजरच्या हातात असतात. आधी त्यांच्याशी बोलावं आणि ईमेलमध्ये लिहावं: ‘आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस घरून काम, हे पत्रात नमूद व्हावं.’ उत्तरात ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच आलं, तर ते वचन नव्हे. धोरण उद्या बदलू शकतं.

सर्वांत जास्त फसगत होते ती परतफेडीच्या अटीत. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत करा, असं बऱ्याच पत्रांत असतं. बोनस पगारातच धरला जातो आणि त्यावर कर कापला जातो. 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 31.2 टक्के गेले, तर 90,000 पैकी हातात 61,920 येतात. परत मात्र पूर्ण 90,000 मागितले जाऊ शकतात. म्हणून त्याच ईमेलमध्ये दोन गोष्टी मागाव्यात: परतफेड हातात आलेल्या रकमेचीच असावी आणि ती उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात घटत जावी. आठ महिन्यांनी सोडलं, तर एक तृतीयांशच द्यावं लागेल. कंपनीने स्वतःहून काढलं तर परतफेड नाही, हेही लिहून घ्यावं. माझ्या मते बोनस दहा हजारांनी कमी मिळाला तरी चालेल, पण ही अट सोडू नये.

‘हो, बघतो’ असं फोनवर सांगितलं गेलं, तर त्याच संध्याकाळी झालेलं बोलणं ईमेलने कळवावं आणि सुधारित ऑफर लेटर मागावं. ते हातात येईपर्यंत जुन्या कंपनीत राजीनामा देऊ नये. 90 दिवसांची नोटीस सुरू झाली की तिच्याकडे नकार द्यायची मुभा उरत नाही, हे एचआरलाही ठाऊक असतं.