वेबसाइट कोणाच्या नावावर?

नाशिकच्या भांडी बाजारात माझ्या आतेभावाचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्यानं ओळखीतल्या एका मुलाकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली. व्यवहार सगळा तोंडी झाला. तो मुलगा पुढे नोकरीसाठी परगावी गेला, आणि एका सकाळी वेबसाइट उघडेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की दुकानाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, त्या मुलाच्या नावावर होतं. मुदत संपत आल्याची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जात राहिली. पैसे भरले गेले नाहीत, पत्ता सुटला. पिशव्यांवर आणि पावत्यांवर छापलेला तो पत्ता आता कोणा तिसऱ्याच माणसाकडे आहे.

दुसऱ्यांदा वेबसाइट करायची ठरली तेव्हा आम्ही दोघांनी बसून आधी एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात चारच गोष्टी होत्या.

पहिली, पानं. 'छानशी वेबसाइट हवी' असं लिहिलं तर किंमत सांगणाराही अंदाजानंच सांगतो. आम्ही लिहिलं : "एकूण पाच पानं. मुखपृष्ठ, दुकानाची माहिती, मालाची यादी, मागणी कशी नोंदवावी आणि संपर्क. यादीत २४ वस्तू; प्रत्येकीचा एक फोटो, वजन आणि किंमत. पैसे वेबसाइटवर घ्यायचे नाहीत, मागणी फोनवर येईल. किमती आमच्या आम्हाला बदलता आल्या पाहिजेत." काय नको हे लिहिल्यामुळे खर्च बराच आटोक्यात आला.

दुसरी, मुदत. धनत्रयोदशीला भांड्यांची खरेदी होते, म्हणून वेबसाइट त्याच्या महिनाभर आधी चालू हवी होती. पण अशी कामं रखडतात ती बहुधा दुकानदारामुळे. फोटो आणि मजकूर वेळेवर दिला जात नाही. म्हणून लिहिलं : "सर्व फोटो व मजकूर आम्ही एकदम देऊ. त्या दिवसापासून चार आठवड्यांत काम पूर्ण व्हावं. दुरुस्त्या दोन वेळा. त्यापुढच्या दुरुस्त्यांचे पैसे वेगळे." घोळ कोणाचा, हा वाद त्यामुळे उरत नाही.

तिसरी, पैसे. कामाचे २४ हजार रुपये ठरले, तीन हप्त्यांत. ८ हजार सुरुवातीला, ८ हजार पाचही पानं तात्पुरत्या पत्त्यावर चालू दिसल्यावर, आणि ८ हजार सगळं ताब्यात मिळाल्यावर. डोमेनचं नूतनीकरण आणि वेबसाइट जिथे ठेवायची ती जागा, म्हणजे होस्टिंग, यांचे पैसे यात धरले नाहीत. ते दुकान थेट भरणार, दुकानाच्याच ई-मेलवर उघडलेल्या खात्यातून.

आणि चौथी, मालकी. इथं पुष्कळांची समजूत चुकते. पैसे दिले म्हणजे काम आपलं झालं, असं नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं लिखाण मालकाचं ठरतं. पण बाहेरच्या माणसाला ठरावीक रकमेत दिलेलं काम, लेखी करार नसेल तर, करणाऱ्याचंच राहतं. संगणकाचा प्रोग्रॅमही यात येतो. हक्क आपल्याकडे घ्यायचा तर लिहून, त्याच्या सहीनिशी घ्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर तो पाचच वर्षांपुरता मिळतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणून आमचं वाक्य असं होतं : "या कामासाठी नव्यानं केलेला सर्व कोड, चित्रं व मजकूर यांचे हक्क, शेवटचा हप्ता मिळताच, कायद्यातील पूर्ण मुदतीसाठी व सर्व जगासाठी दुकानाकडे येतील." 'नव्यानं केलेला' हा शब्द मुद्दाम घातला. तयार सॉफ्टवेअर किंवा विकत घेतलेला नमुना त्याचा नसतोच. तो आपल्याला वापरायला मिळतो, इतकंच. असं काय काय वापरलं, त्याची यादी मात्र मागून घ्यावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या. डोमेनच्या खात्यात शिरून मालक म्हणून दुकानाचंच नाव आहे ना, हे पाहिलं. आतेभावानं एका तांब्याची किंमत स्वतःच्या हातानं बदलली. आणि वेबसाइटची पूर्ण प्रत, मालाच्या यादीसकट, पेनड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या माणसाकडून चालवून घेतली. नुसत्या फायली मिळाल्या आणि यादीचा साठा राहिला, तर पानं उघडतात पण रिकामी, हे त्याच वेळी लक्षात येतं.

पत्र वाचून तो नवा मुलगा रागावेल, अशी आतेभावाला धास्ती होती. त्यानं सही केली आणि म्हणाला, "काका, दोन वेळाच दुरुस्त्या, हे लिहिलंत ते बरं केलंत. मागच्या गिऱ्हाइकानं माझ्याकडून अकरा वेळा रंग बदलून घेतला."