मागच्या हौसिंगमधलं तेल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून कोल्हापूरला निघणारी पिकअप हातखंबा, पाली, साखरपा असं करत आंबा घाटाच्या पायथ्याशी येते, तेव्हा तिच्या मागच्या चाकांच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा चांगलाच तापलेला असतो. गॅरेजच्या भाषेत तो ‘हौसिंग’. इंजिनाचं तेल वेळच्या वेळी बदलणारे, टायरची हवा रोज बघणारे ड्रायव्हरसुद्धा या गोळ्याची आठवण बहुधा तो आवाज करू लागला की मगच काढतात. आणि आवाज येऊ लागला म्हणजे तेलाने करायचं काम बहुतेक वेळा हातातून गेलेलं असतं.

हौसिंगच्या आत क्राउन आणि पिनियन हे दोन दातेरी गिअर असतात. इंजिनाकडून येणारा लांब दांडा पिनियनला फिरवतो, पिनियन क्राउनला, आणि क्राउन दोन्ही बाजूंच्या एक्सलना. घाटात इंजिनाचा जोर दोनशे न्यूटन-मीटर आहे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे असं धरलं, तर गिअरबॉक्समधून तो साधारण चौपट होऊन पिनियनवर येतो. म्हणजे सुमारे आठशे न्यूटन-मीटरचा पीळ मोजक्या दात्यांवर पडतो. त्यात या दात्यांची रचना तिरकस. पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर न बसवता थोडा खाली बसवलेला असतो. ही रचना हायपॉइड म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने ती १९२०च्या दशकात मोटारींत आणली. दांडा खाली गेल्यामुळे गाडीचा तळ खाली घेता आला आणि गिअरही शांत चालू लागले. पण याची एक किंमत आहे: हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते एकमेकांवरून घासत सरकतात. एवढ्या दाबाखाली साध्या तेलाचा थर पिळून बाहेर फेकला जातो आणि लोखंड थेट लोखंडाला भिडतं.

म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात. दात्यांवर दाब आणि उष्णता वाढली की ही संयुगं धातूशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात. थर झिजतो, पुन्हा तयार होतो, आणि दाते वाचतात. डबा उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास या गंधकाचाच. डब्यावरची ‘जीएल-५’ ही खूण सांगते की हायपॉइड एक्सलला लागेल इतकी ही संयुगं त्या तेलात आहेत. ‘जीएल-४’मध्ये त्यांचं प्रमाण कमी असतं. ते तेल हाताने गिअर टाकायच्या अनेक गिअरबॉक्ससाठी असतं, कारण त्यांच्यातल्या पितळी रिंगांना जीएल-५ मानवेलच असं नाही. गिअरबॉक्समधून उरलेलं तेल ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून हौसिंगमध्ये ओतणं ही आपल्याकडची जुनी काटकसर आहे. ती पिनियनला महागात पडते.

आता नंबर. दुकानात ‘नव्वद नंबर’ आणि ‘एकशे चाळीस नंबर’ असं मागितलं जातं. नव्वद म्हणजे बहुतेक वेळा ८०डब्ल्यू-९०, आणि एकशे चाळीस म्हणजे ८५डब्ल्यू-१४०. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. ८५डब्ल्यू तेल उणे १२ अंशांपर्यंत चालतं, म्हणजे कोकणात आणि कोल्हापुरात या आकड्याची चिंता करण्याचं काही कारण नाही. खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा. तो तेल १०० अंश तापलेलं असताना किती दाट राहतं ते दाखवतो.

भरलेली गाडी घाट चढताना हौसिंगमधलं तेल १०० अंशांच्या पुढे सहज जाऊ शकतं. १२० अंशांना नव्वद नंबरचं तेल बरंच पातळ होतं, आणि त्याच वेळी एकशे चाळीस नंबरचं तेल ढोबळमानाने नव्वदने १०० अंशांना जितकं दाट असायला हवं तितकं असतं. रोज घाट, रोज पूर्ण भार आणि वर उन्हाळा असला की जुने मेकॅनिक एकशे चाळीस सुचवतात, त्यामागचं गणित हे. मात्र दाट तेल ढवळायला जास्त ताकद लागते आणि त्याचा भार डिझेलवर पडतो. सपाटीवर अर्ध्या भाराने फिरणाऱ्या गाडीला त्याचा फायदा काहीच नाही. म्हणून आधी गाडीचं पुस्तक उघडावं. त्यात भारासाठी किंवा उष्ण हवेसाठी १४०ची मुभा दिलेली असेल तर घाटातल्या गाडीने ती घ्यावी. पुस्तक फक्त ९० म्हणत असेल तर चांगल्या प्रतीचं ९० घालून ते लवकर बदलणं जास्त शहाणपणाचं. ज्या गाडीत ‘लिमिटेड स्लिप’ म्हणजे चाक घसरण्याला आळा घालणारी यंत्रणा आहे, तिला त्यासाठी खास मिश्रण असलेलंच तेल लागतं.

प्रमाणाबद्दलचा प्रश्न ‘किती लीटर?’ असा विचारला जातो. पिकअपच्या वर्गात हे प्रमाण सव्वा लीटरपासून तीन लीटरपर्यंत कुठेही असू शकतं, त्यामुळे शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. दुकानातून किती आणायचं ते पुस्तक सांगतं. आत किती राहायला हवं ते हौसिंगवरचं भोक सांगतं. बहुतेक हौसिंगच्या अंगावर मध्याच्या आसपास भरण्याचा प्लग असतो, आणि गाडी समतल उभी असताना तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला लागलं की ते बरोबर. एक बाजू जॅकवर असेल तर हे माप खोटं ठरतं. भरल्यानंतर तेल दोन्ही बाजूंच्या एक्सलच्या नळ्यांत हळूहळू शिरतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघावं लागतं. घाईत प्लग लावला की पाव लीटर कमी राहतं.

पाव लीटरने काय बिघडतं? सपाटीवर कदाचित फारसं नाही. पण पिनियन हौसिंगच्या पुढच्या अंगाला असतो. घाट चढताना गाडीचं नाक वर होतं, तेल मागे जातं, आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग उंच आणि कोरडं राहतं. नेमका तेव्हाच त्याच्यावर सर्वांत मोठा भार असतो. क्राउन फिरताना जे तेल वर उडवतो त्यावर त्या बेअरिंगची भिस्त असते, आणि पातळी कमी असेल तर उडवायला तेलच पुरेसं नसतं.

उलट ‘थोडं जास्त असू दे’ हाही उपाय नव्हे. जास्तीचं तेल क्राउन ढवळत राहतो, त्याला फेस येतो, ते आणखी तापतं आणि एक्सलच्या टोकाच्या ऑइल सीलमधून बाहेर पडतं. तिथून ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लायनरला तेल लागलेली गाडी भार घेऊन घाट उतरते आहे, हे चित्र कुणालाच नको असतं.

मासळीच्या गाडीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे बर्फाचं पाणी. खोक्यांतून वितळलेलं खारट पाणी हौद्यातून थेट तापलेल्या हौसिंगवर ठिबकत राहतं. हौसिंगच्या वरच्या अंगाला ब्रिदर नावाची छोटीशी नळी असते. तेल तापलं की आतली हवा त्यातून बाहेर जाते आणि थंड झालं की पुन्हा आत येते. मीठ आणि चिखल यांनी ती बुजली की तापलेली हवा सीलवर दाब टाकून तेल बाहेर काढते, आणि गार होताना आत निर्वात तयार होऊन सीलच्या कडेने पाणी शोषलं जातं. पावसाळ्यात तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातल्यावरही हेच घडतं. पाणी शिरलेलं तेल दुधाळ दिसतं. असं दिसलं की किलोमीटर मोजत बसायचं नसतं: तेल काढावं, नवं भरावं, थोडी गाडी चालवून पुन्हा प्लग उघडून बघावं, आणि दुधाळपणा उरला असेल तर तेही बदलावं.

किती किलोमीटरला बदलायचं, हे या गाडीपुरतं मोजून पाहता येतं. रत्नागिरी ते कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर. महिन्याला २५ फेऱ्या धरल्या तर ६,५०० किलोमीटर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दहा महिन्यांच्या हंगामात ६५,०००. गाड्यांच्या पुस्तकांत सामान्य वापरासाठी ४०,००० किंवा त्याहून जास्त किलोमीटरचे टप्पे सर्रास दिसतात. पण त्याच पुस्तकांत कठीण वापराचं वेगळं कोष्टक असतं आणि ते फार थोडे जण उघडतात. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा पिकअपला भारी वजन किंवा ट्रेलर ओढण्यासाठी १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटरचा टप्पा दिलेला आहे. आंबा घाट रोज चढणाऱ्या गाडीसाठी २०,००० हा आकडा अतिसावध नाही. तेल दर दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा तेलतज्ज्ञांचा ढोबळ नियम आहे.

म्हणजे हंगामात साधारण तीन महिन्यांनी एकदा बदल. त्यातला एक जूनमध्ये बंदीच्या काळात करावा, कारण गाडी तेव्हा उभी असते आणि ब्रिदर साफ करायला, सील बघायला वेळ मिळतो. नव्या गाडीचं किंवा नव्या क्राउन-पिनियनचं पहिलं तेल मात्र पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लवकर काढावं, कारण सुरुवातीला दाते एकमेकांना बसताना धातूचा बारीक चुरा सुटतो.

काम करताना आधी भरण्याचा प्लग सैल करावा, मगच खालचा ड्रेन प्लग. खारट पाण्याने गंजलेला वरचा प्लग निघालाच नाही आणि खालून तेल सांडून गेलं, तर गाडी तिथेच अडकते. तेल गाडी चालवून आल्यावर, कोमट असताना काढावं, म्हणजे तळाचा गाळही त्याबरोबर येतो. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर चिकटलेलं बघावं. राखाडी, लोण्यासारखा लेप ही रोजची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा दिसला तर हौसिंग उघडावीच लागते.

आवाजाचंही असंच. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारी आणि सोडल्यावर बदलणारी घरघर बहुधा क्राउन-पिनियनची असते. वेगाबरोबर एकसारखी वाढणारी, वळणावर कमी-जास्त होणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असण्याची शक्यता जास्त. दाट तेल घातलं की पहिला आवाज काही दिवस दबतो. जुनी पिकअप विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून वापरलेली मासळीची गाडी घेताना इंजिन ऐकून झालं की तिच्या हौसिंगचा वरचा प्लग उघडायला सांगावं आणि आत बोट घालून बघावं: तेल कडेपर्यंत आहे का, दुधाळ आहे का, आणि नको तितकं नवं आणि दाट आहे का.